मोर्चा म्हणजे संप किंवा बंद नव्हे

बातमीतला शब्द नेमका कळायला एक प्रश्न पुरतो: लोक चालले, की काही थांबलं?

मोर्चा चालतो. ठरलेला मार्ग, पोलिसांची परवानगी आणि शेवटी मंत्र्यांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन. मार्च 2018 मध्ये शेतकरी नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर पायी मुंबईला आले. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा, सायन ते आझाद मैदान, त्यांनी रात्रीतच पार केला. शहर सुरू राहिलं. या समजूतदारपणामुळे मुंबईकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे विसरता येत नाही.

संपात माणूस स्वतःचं काम थांबवतो. जून 2017 मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपात दूध-भाजीपाला शहरांकडे पाठवणं बंद झालं. कर्जमाफीची मागणी दोन्ही वेळी होती, पण इथे दबाव टंचाईचा.

बंदमध्ये मात्र दुसऱ्यालाही थांबायला सांगितलं जातं: दुकानं, रिक्षा, शाळा. जबरदस्ती इथेच शिरते. म्हणूनच 2003 च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला लावले.