रिकोट बरा की स्लिपेज? खातं निवडण्याआधी

परकीय चलनाच्या ट्रेडिंगसाठी खातं उघडताना ऑर्डर पूर्ण करण्याचे दोन प्रकार हमखास समोर येतात: इन्स्टंट एक्झिक्युशन आणि मार्केट एक्झिक्युशन. पहिल्यात रिकोट येतो, म्हणजे भाव हलला की ब्रोकर नवा भाव पुढे करून पुन्हा विचारतो. दुसऱ्यात स्लिपेज होतं, म्हणजे दिसला त्याहून वेगळ्या भावाला सौदा होतो. नव्या माणसाला पहिला प्रकार सुरक्षित वाटतो, कारण तिथे स्क्रीनवर दिसलेला भाव मिळेल, नाहीतर सौदाच होणार नाही. मलाही तसंच वाटायचं. आज कोणी विचारलं तर मी दुसरा सुचवतो.

मुळात आपण क्लिक करतो तो भाव शिळा असतो. सर्व्हरवरून तो आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, डोळ्यांना दिसून बोट हलायला लागतो आणि ऑर्डर परत पोहोचायलाही लागतो. सगळं मिळून अर्धा सेकंद सहज जातो. एरवी तेवढ्यात फारसं बिघडत नाही, पण मोठी आकडेवारी जाहीर होते तेव्हा भाव तेवढ्यात कित्येकदा बदलतो.

समजा, EUR/USD मध्ये, म्हणजे युरो-डॉलरच्या जोडीत, 1 लॉट, म्हणजे 1,00,000 युरो, घ्यायचा आहे. स्क्रीनवर 1.08502 दिसला म्हणून क्लिक केलं, आणि ऑर्डर पोहोचेपर्यंत भाव 1.08514 झाला.

मार्केट एक्झिक्युशनमध्ये सौदा 1.08514 ला होईल. फरक 1.2 पिप; पिप म्हणजे इथे भावाच्या चौथ्या दशांश स्थळातला 1. या आकाराच्या सौद्यात 1 पिप म्हणजे 10 डॉलर, तेव्हा 12 डॉलर गेले. वाईट वाटतं, पण सौदा हातात आहे.

इन्स्टंटमध्ये ऑर्डरच्या खिडकीत Deviation नावाचा रकाना असतो, त्यात किती फरक चालेल ते पॉइंटमध्ये लिहायचं. पाच दशांश स्थळांच्या भावात 10 पॉइंट म्हणजे 1 पिप. तिथे 5 लिहिलं असेल तर 12 पॉइंटचा फरक बसत नाही, म्हणून रिकोट येतो: नवा भाव 1.08514, घेता का? आपण दोन सेकंद विचार करून होकार देतो, तोवर तोही भाव गेलेला असतो आणि पुन्हा रिकोट. शेवटी 1.08531 ला सौदा झाला, तर 2.9 पिप म्हणजे 29 डॉलर गेले. ज्या 12 डॉलरपासून वाचायचं होतं, त्याच्या दुपटीहून जास्त. रकान्यात 20 लिहिलं असतं तर सौदा पहिल्याच फटक्यात 1.08514 ला होऊ शकला असता, पण मग मार्केट एक्झिक्युशनपेक्षा वेगळं ते काय मिळालं?

खरी गोम पुढे आहे. भाव आपल्या बाजूने हलला तर? क्लिक 1.08502 वर आणि ऑर्डर पोहोचली तेव्हा भाव 1.08490. सरळ मार्केट एक्झिक्युशनमध्ये आपल्याला 1.08490 मिळतो, म्हणजे 12 डॉलरचा फायदा. इन्स्टंटमध्ये मात्र ब्रोकर 1.08502 लाच सौदा पूर्ण करू शकतो. मागितलेला भावच दिला, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही आणि मधला फरक त्याच्याकडे राहतो. भाव आपल्या विरुद्ध गेला की रिकोट, आपल्या बाजूने गेला की जुनाच भाव.

अर्थात मार्केट एक्झिक्युशन असं नाव दिलं म्हणून ब्रोकर सरळ असेलच असं नाही. ते तपासायला एक वही पुरते. लहान आकाराचे पन्नासेक सौदे करा, क्लिक करताना दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव शेजारी शेजारी लिहा. दिसलेला भाव हातानेच टिपावा लागतो, कारण अशा ऑर्डरसोबत आपण भाव पाठवलेलाच नसतो. शांत बाजारात काही फरक आपल्या विरुद्ध आणि काही आपल्या बाजूने पडायला हवेत. पन्नासात एकदाही फायद्याचा फरक दिसला नाही, तर खातं बदला.

ज्यांचं लक्ष्यच चार-पाच पिपचं असतं त्यांना 1.2 पिप परवडत नाही, सौदा न झालेला बरा. पण त्यासाठीही इन्स्टंट खातं लागत नाही. लिमिट ऑर्डर लावली की ठरवलेला किंवा त्याहून चांगलाच भाव मिळतो. भाव तिथे आलाच नाही तर ऑर्डर नुसती पडून राहते.

स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवण्यासाठी आधीच लावलेली ऑर्डर. तिच्या बाबतीत मात्र दोन्ही खाती सारखीच. भाव तिथे टेकला की स्टॉप साधारणपणे मार्केट ऑर्डर होतो आणि पुढे जो भाव उपलब्ध असेल त्याला सुटतो. 15 जानेवारी 2015 ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसाठी राखलेली 1.20 फ्रँकची किमान पातळी अचानक सोडली. काही मिनिटांत युरो 1 फ्रँकच्याही खाली गेला आणि 1.20 च्या जरा खाली लावलेले कित्येक स्टॉप शेकडो पिप खाली सुटले. मध्ये घेणाराच नव्हता. काही ब्रोकर जादा पैसे घेऊन हमीचा स्टॉप देतात, तिथे भावाची ही दरी त्यांच्या अंगावर जाते. सौदा उघडा ठेवून झोपणाऱ्याने खात्याच्या प्रकाराआधी ही सोय आहे का ते विचारावं.