प्रति लाभार्थी खर्च: नोंदवहीतल्या नावांवर की वर्ग पूर्ण केलेल्यांवर?

समजा, सहा महिन्यांच्या शिवणवर्गाचा थेट खर्च 6,00,000 रुपये आणि नोंदवहीत दोन बॅच मिळून 120 नावं. भागाकार केला की 5,000. प्रस्तावात हा आकडा देखणा दिसतो. पण हजेरीपट उघडला की कळतं, 15 बायकांची नावं दोन्ही बॅचमध्ये आहेत आणि 30 जणी महिनाभरातच यायच्या थांबल्या.

दुसऱ्या पद्धतीत पूर्ण खर्चाला वर्ग पूर्ण केलेल्यांनी भागायचं. समन्वयकाचा निम्मा पगार आणि कार्यालयाच्या भाड्यातला वाटा मिळून 1,50,000 धरले, तर खर्च 7,50,000 होतो. दुबार नावं आणि गळती वजा करून उरतात 75 जणी. म्हणजे माणशी 10,000, थेट दुप्पट!

मला दुसरीच पटते. पहिली अगदीच टाकाऊ नाही. कापड-दोऱ्याची खरेदी नोंदणीवरच ठरते. फक्त आकड्याशेजारी ‘नोंदणीनुसार’ असं स्पष्ट लिहावं. दुसरीतही एक खोट आहे: आकडा खाली आणायला संस्था लांबच्या पाड्यावरच्या, गळण्याची शक्यता असलेल्या बायका घेणंच टाळू शकते. म्हणून पाड्यांचा हिशेब वेगळ्या ओळीत दाखवावा, तिथला आकडा मोठा आला तरी.