सदोष काजूगर परत घेताना: क्रेडिट नोट आपण काढावी की बिल खरेदीदाराने?

माल खराब निघाल्याची तक्रार खरी ठरली, परत घ्यायचे मनाने ठरले, आता फक्त ईमेल लिहायचा राहिला, अशा टप्प्यावर असलेल्या कोकणातल्या काजू कारखानदारासाठी हा आढावा आहे. ईमेलमधल्या एका वाक्यावर पुढचा सगळा कागद अवलंबून असतो. परतीच्या मालाची क्रेडिट नोट कारखाना काढणार आहे, की खरेदीदार उलट बिल फाडणार आहे, हे ते वाक्य सांगते. दोन्ही मार्ग कायद्याला मान्य आहेत. मुदत संपलेल्या औषधांच्या परतीविषयी २६ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने काढलेल्या जीएसटी परिपत्रकात हे दोन्ही मार्ग सांगितलेले आहेत, आणि अन्य कारणांनी परत येणाऱ्या मालालाही ते लागू करता येतील असे त्यातच म्हटले आहे. फरक पडतो तो कर कोणाच्या विवरणात कमी होतो, कोणावर विसंबून राहावे लागते आणि उशीर झाल्यास काय उरते, यात.

हिशेब समोर असावा म्हणून एक व्यवहार धरू. वेंगुर्ल्याच्या कारखान्याने १८ ऑगस्ट २०२५ रोजी पुण्याच्या मिठाईवाल्याला डब्ल्यू ३२० प्रतीचे ३० डबे पाठवले. डबा १० किलोचा आणि दर ८०० रुपये किलो, म्हणजे मालाची किंमत २,४०,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी १२,००० रुपये आणि एकूण बिल २,५२,००० रुपये. ऑक्टोबरमध्ये खरेदीदाराने कळवले की ८ डब्यांतले गर नरम पडले आहेत, चावताना तुटत नाहीत. त्याने त्यांपैकी एक डबा उघडून त्यातले १.६ किलो गर वापरलेही होते.

तक्रार खरी की खोटी हे डबा न उघडताही बऱ्याच अंशी कळते. गर भरल्यावर डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडून झाकण बंद करतात. गरांतले तेल तो वायू शोषून घेते, आत पोकळी तयार होते आणि काही दिवसांत डब्याच्या बाजू आत ओढल्या जातात. ज्याच्या बाजू सपाट राहिल्या, त्याच्या झाकणाची शिवण कुठेतरी श्वास घेते आहे असे समजावे. पावसाळ्यात कोकणात भरलेल्या माल-डब्याला असे बारीकसे छिद्र पुरते. बाहेरची ओल आत शिरते, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा ओलावा वर चढतो. म्हणून खरेदीदाराकडून आठही डब्यांचे बाजूने काढलेले फोटो आणि झाकणावरचा लॉट क्रमांक आधी मागवावेत. चार डबे सपाट आणि चार ओढलेले दिसले, तर आठ डबे मान्य करण्याचे कारण नाही.

आता पहिल्या मार्गाचा ईमेल पाहू.

«सप्रेम नमस्कार. आमचे १८ ऑगस्ट २०२५ चे बिल क्र. ११४ यातील डब्ल्यू ३२० प्रतीच्या ८ डब्यांविषयीची आपली तक्रार आम्ही फोटो व लॉट क्रमांकावरून तपासली. या ८ डब्यांच्या झाकणाची शिवण सदोष असल्याचे आम्हांस मान्य आहे व ते परत घेण्यास आमची संमती आहे. कृपया माल आपल्या डिलिव्हरी चलानवर, चलानात आमच्या वरील बिलाचा क्रमांक व तारीख नमूद करून पाठवावा, त्यासाठी बिल करू नये. परतीचे भाडे आम्ही देऊ. माल आमच्या गेटवर पोहोचल्यावर प्रत्यक्ष वजनानुसार, मूळ बिलाच्या दराने व करासह, दोन दिवसांत क्रेडिट नोट देण्यात येईल. ती आपल्या पोर्टलवर आल्यावर स्वीकारावी, आणि या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट उलटवल्याचे आम्हांस लेखी कळवावे.»

दुसऱ्या मार्गात सुरुवात तीच राहते, पुढचा भाग मात्र बदलतो.

«...परत घेण्यास आमची संमती आहे. कृपया माल आपल्या करबिलावर, आमच्या मूळ बिलाच्याच दराने व कराने, आमच्या नावे पाठवावा. क्रेडिट नोट आम्ही काढणार नाही. आपल्या बिलाची रक्कम आपल्या खात्यावर जमा धरण्यात येईल. आपण ते बिल त्याच महिन्याच्या विवरणात दाखवावे, म्हणजे आम्हांस त्याचे क्रेडिट घेता येईल.»

पहिल्या ईमेलमधले «बिल करू नये» हे शब्द गाळू नयेत. ते नसले की खरेदीदाराचा हिशेबनीस सवयीने बिल काढून ठेवतो, इकडे कारखाना क्रेडिट नोट काढतो, आणि एकाच मालासाठी दोन्ही बाजूंच्या विवरणात दोनदा वजावट दिसते. मग सहा महिन्यांनी नोटीस येते आणि ती निस्तरण्यात परतीच्या काजूच्या किमतीहून जास्त वेळ जातो.

रुपयांच्या हिशेबात दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात. सात डबे भरलेले, म्हणजे ७० किलो, आणि उघडलेल्या डब्यात ८.४ किलो, असे ७८.४ किलो परत आले. किंमत ६२,७२० रुपये, केंद्र व राज्य जीएसटी प्रत्येकी १,५६८ रुपये, एकूण ६५,८५६ रुपये. ईमेलमध्ये «८० किलो» असे छापून मोकळे झालो असतो, तर वापरलेल्या १.६ किलोचेही पैसे परत गेले असते. म्हणून रक्कम ईमेलमध्ये घालूच नये, «प्रत्यक्ष वजनानुसार» एवढेच लिहावे. क्रेडिट नोटवर मात्र मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, मालाची किंमत, कराचा दर व कराची रक्कम हे सगळे हवे, आणि नोटला स्वतःचा अनुक्रमांकही हवा. मधल्या काळात कराचा दर बदलला असला, तरी लागू होतो तो मूळ बिलाचाच दर.

मग निवड कशावर करायची? पूर्वी उत्तर सोपे होते. क्रेडिट नोट कारखान्याच्या हातातली गोष्ट असे. ती आपल्या विवरणात दाखवली की त्या महिन्याचा कर ३,१३६ रुपयांनी कमी होई, आणि खरेदीदाराने क्रेडिट उलटवले की नाही याची धाकधूक व्यवहारात फारशी नसे. १ ऑक्टोबर २०२५ पासून ही सोय आक्रसली. खरेदीदार नोंदणीकृत असेल आणि त्याने घेतलेले क्रेडिट उलटवले नसेल, तर कारखान्याला कर कमी करता येत नाही. खरेदीदाराने पोर्टलवर क्रेडिट नोट नाकारली, तर ती रक्कम पुढच्या महिन्यात कारखान्याच्या देण्यात परत येऊन बसते. त्याने काहीच केले नाही तर ती स्वीकारली असे धरले जाते, म्हणून धोका गप्प बसणाऱ्या खरेदीदाराचा नाही, तर कागद नीट न वाचता «नाकारा»वर बोट ठेवणाऱ्याचा आहे. पहिल्या ईमेलचे शेवटचे वाक्य त्याच्यासाठी आहे.

दुसऱ्या मार्गात विसंबणे आणखी जास्त आहे. खरेदीदाराने बिल विवरणात दाखवले नाही, तर कारखान्याला क्रेडिट दिसतच नाही, आणि तोवर ३,१३६ रुपये अडकून राहतात. शिवाय खरेदीदाराला स्वतःच्या खात्यात विक्री दाखवावी लागते, जी त्याने प्रत्यक्षात केलेली नाही. पुष्कळ मिठाईवाले यालाच नाखूश असतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. खरेदीदार कम्पोझिशन योजनेतला असेल तर हा मार्ग कारखान्याला तोट्याचाच पडतो, कारण त्याला करबिल काढता येत नाही. तो साधे पुरवठा-बिल देईल आणि त्यावर कारखान्याला काहीच क्रेडिट मिळणार नाही.

तरीही दुसरा मार्ग उपयोगी पडतो तो मुदत टळल्यावर. क्रेडिट नोटमुळे कर कमी करायचा असेल, तर ज्या आर्थिक वर्षात माल विकला त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले असेल तर त्या दिवसापर्यंत, ती विवरणात दाखवावी लागते. आपल्या व्यवहारात ही तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे, म्हणजे अवकाश भरपूर आहे. पण गोदामात मागे राहिलेले डबे खरेदीदार दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर काढतो, असे घडते. तेव्हा क्रेडिट नोट काढता येते, पण करात वजावट मिळत नाही, कराचा बोजा कारखान्यावर राहतो आणि खरेदीदाराने आपले क्रेडिट उलटवण्याचीही गरज उरत नाही. अशा वेळी करासकट परतावा द्यायचा की फक्त ६२,७२० रुपये, हे ईमेलमध्ये स्वच्छ लिहावे. खरेदीदाराचे बिल येणार असेल तर मात्र कर दोन्ही बाजूंनी फिरून जागेवर येतो.

माझा कौल असा की खरेदीदार नोंदणीकृत, नियमित विवरण भरणारा आणि मुदत शिल्लक असेल, तर पहिलाच मार्ग घ्यावा, कारण मूळ बिलाशी दुवा त्यात सरळ राहतो. मुदत संपली असेल आणि खरेदीदार भरवशाचा असेल, तर दुसरा.

वाहतुकीच्या कागदात दोन्ही मार्गांत फारसा फरक नाही, पण वाट कुठून कुठे आहे यावरून पडतो. महाराष्ट्राच्या आत ई-वे बिलाची मर्यादा एक लाख रुपये असल्याने पुण्याहून वेंगुर्ल्याला परतणाऱ्या ६५,८५६ रुपयांच्या मालाला ते लागत नाही. तोच खरेदीदार म्हापशाला असता, तर राज्याबाहेरच्या मालाला ५०,००० रुपयांचीच मर्यादा असल्याने ई-वे बिल काढावे लागले असते, आणि क्रेडिट नोटवर दोन करांऐवजी एकच एकात्मिक जीएसटी आला असता. बांद्याच्या नाक्यावर गाडी थांबली की ड्रायव्हरच्या हातात चलान असले तरी ई-वे बिल विचारले जाते.

डबे गेटवर उतरल्यावर काय करायचे, यावर अजून एक कर ठरतो. नरम पडलेले गर बोर्म्यात पुन्हा सुकवून खालच्या प्रतीत विकले, तर काही उलटवावे लागत नाही. खवट वास आला किंवा आत कीड दिसली म्हणून नष्ट केले, तर दुसऱ्या मार्गात खरेदीदाराच्या बिलावर घेतलेले क्रेडिट सोडावे लागते, आणि पहिल्या मार्गात त्या मालाच्या उत्पादनासाठी घेतलेले इनपुट क्रेडिट सोडावे लागते, मग ते डब्यांवरचे असो की शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजूबीवर कारखान्यानेच उलट आकाराने भरलेल्या करावरचे. म्हणून गेटवर वजन घेतानाच डबा फोडून ओलावा मोजावा, वास घ्यावा, आणि परत आलेल्या ७८.४ किलोंतले किती बोर्म्यात गेले व किती खड्ड्यात, हे क्रेडिट नोटच्या फाइलमध्येच लिहून ठेवावे.