ट्रायग्लिसराइड वाढलंय आणि रोजची दारूही आहे: लगेच गोळी, की चार आठवडे बंद करून पुन्हा तपासणी?

समजा, ४४ वर्षांच्या एका गृहस्थांचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला आहे. मधुमेह नाही, हृदयविकार नाही. रोज रात्री ६० मिलीचे दोन लार्ज पेग आणि सोबत शेव-फरसाण, हा नेम. एकूण कोलेस्टेरॉल २३६, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल ५२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी ३८०, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १०८. घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, गोळी सुरू करा. दुसरा म्हणतो, दारू बंद करून महिन्याने पुन्हा रक्त द्या. या रिपोर्टवर दुसरं मत बरोबर आहे. ते का, आणि कुठे ते चुकू शकतं, हे दोन्ही पाहू.

आधी दारूचं प्रमाण मोजून घेऊ. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे दोन लार्जमध्ये ४० ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची एक बाटलीही साधारण तेवढीच भरते, त्यामुळे ‘मी फक्त बिअर घेतो’ याने रिपोर्टला फरक पडत नाही.

हे अल्कोहोल यकृतात जातं. यकृत ते आधी निकालात काढतं आणि तोवर चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. न जळलेल्या फॅटी अॅसिडपासून ट्रायग्लिसराइड तयार होतं. त्यातलं काही यकृतातच साठतं, तेच फॅटी लिव्हर. उरलेलं व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडलं जातं. शिवाय दारूबरोबर तेलकट खाल्लं, तर जेवणातली चरबी रक्तातून साफ करणारं एन्झाइमही मंदावतं. पेग आणि तळलेला चखणा एकत्र आले की ट्रायग्लिसराइड एकेकट्यापेक्षा जास्त चढतं, ते यामुळे.

आता याच गृहस्थांनी चार आठवडे दारू पूर्ण बंद ठेवली आणि जेवण-वजन फारसं बदललं नाही, तर रिपोर्ट साधारण कसा दिसेल, ते शेजारी ठेवून पाहा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

| | पिणं सुरू असताना | चार आठवडे बंद |
|---|---|---|
| एकूण कोलेस्टेरॉल | २३६ | १९८ |
| ट्रायग्लिसराइड | ३८० | १७० |
| एचडीएल | ५२ | ४६ |
| एलडीएल (गणिताने) | १०८ | ११८ |
| नॉन-एचडीएल | १८४ | १५२ |

ट्रायग्लिसराइड निम्म्याहून खाली आलं, हे लगेच दिसतं. १५० च्या आत सामान्य, २०० ते ४९९ जास्त, असं मोजतात. म्हणजे ‘जास्त’मधून ते काठावर आलं. पण खालच्या ओळींत लोक गोंधळतात: एचडीएल घटलं आणि एलडीएल चक्क वाढलं! मग दारू सोडून तोटाच झाला का?

नाही. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. पहिल्या रिपोर्टमध्ये २३६ − ५२ − ७६ = १०८. दुसऱ्यात १९८ − ४६ − ३४ = ११८. ट्रायग्लिसराइड चढलेलं असलं की हा पाचवा भाग गरजेपेक्षा मोठा वजा होतो आणि एलडीएल खोटं कमी दिसतं. ४०० च्या वर तर हे गणित वापरतच नाहीत. तिथे ‘डायरेक्ट एलडीएल’ मागावं लागतं. म्हणून अशा वेळी नॉन-एचडीएल पाहावं: एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा. त्यात ट्रायग्लिसराइडचा अंदाज लागत नाही. ते १८४ वरून १५२ वर आलं, ही खरी सुधारणा.

एचडीएलचं तर मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘थोडी घेतली की चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं’ या वाक्यावर अनेकांचा पेग टिकून आहे. दारूने एचडीएल वाढतं, हे खरं आहे. पण ते वाढवल्याने हृदयविकार टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. एचडीएल भरपूर वाढवणाऱ्या बहुतेक औषधांनीही झटके कमी झाले नाहीत. टॉर्सेट्रॅपिब या औषधाची मोठी चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले. तेव्हा ५२ चं ४६ झालं म्हणून पुन्हा बाटली उघडू नये.

लगेच गोळी घेतली तर काय होतं? ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फेनोफायब्रेटने आकडा उतरेल, पण पेग चालूच राहिले तर यकृत चरबी बनवतच राहतं, आणि आकडा कशाने उतरला हे कळत नाही. वर्षभर गोळी चालू राहते, कारण मात्र तसंच. उलट चार आठवड्यांनंतरच्या रिपोर्टवर निर्णय स्वच्छ होतो. आपल्या उदाहरणात उरलेलं १७० आणि नॉन-एचडीएल १५२ हे दारूचं नाही. ते वजन, गोड-मैदा किंवा अनुवंशिकतेचं असू शकतं. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन हवं का, हा प्रश्न डॉक्टरांनी वय, रक्तदाब, तंबाखू धरून तेव्हा सोडवायचा.

दोन लार्जचा एक केला तर? आकडा उतरतो, पण किती दारूचा आणि किती इतर, ते उलगडत नाही. आठवडाभर बंद आणि शनिवारी बसून सगळी कसर भरून काढली, तर रविवार-सोमवारचं रक्त पुन्हा चढलेलं येतं. तपासणीपुरती चार आठवडे पूर्ण बंद, हेच उपयोगी.

दुसऱ्या वेळी रक्त त्याच लॅबमध्ये, १२ तास उपाशीपोटी, पाणी चालेल. फक्त आदल्या रात्री न पिता दिलेलं रक्त पुरेसं नाही. एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड काही न बदलताही २० टक्क्यांच्या आसपास हलतं, त्यामुळे ३८० चं ३३० झालं तर ते यश समजू नका. त्याच नमुन्यात यकृतासाठी जीजीटी, एसजीओटी, एसजीपीटी, साखरेसाठी एचबीए१सी आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्या. जीजीटी वाढलेलं आणि एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा दुपटीने जास्त असेल, तर दारूचा हात पक्का धरावा. एचबीए१सी किंवा टीएसएच बिघडलेलं असेल, तर कारण आणखी एक आहे.

काही जणांनी मात्र चार आठवडे थांबायचं नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर डॉक्टरांकडे लगेच जायचं, आणि १००० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका मोठा असतो. पोटाच्या वरच्या भागात जोराचं दुखणं पाठीकडे जात असेल आणि उलट्या होत असतील, तर थेट रुग्णालय. आधीच हृदयविकार किंवा मधुमेहासाठी स्टॅटिन चालू असेल, तर या प्रयोगासाठी ते बंद करायचं नाही.

आणि जे सकाळपासून घेतात, न घेतल्यास हात कापतात, घाम फुटतो, त्यांनी घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि ते जीवावर बेततं. त्यांनी औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावं. अशा माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल १२० आणि ट्रायग्लिसराइड ९० आलं, तरी घरच्यांनी निश्चिंत होऊ नये. यकृत फार खराब झालं की ते कोलेस्टेरॉल बनवूच शकत नाही. पायावर सूज, पोट फुगणं, डोळे पिवळे दिसत असतील, तर लिपिड प्रोफाइल बाजूला ठेवून यकृताची तपासणी आणि सोनोग्राफी आधी करा.