वेळापत्रकाचा फोटो अरबीत: कॅमेरा धरावा की मजकूर उतरवून घ्यावा?

नेरूळला आमच्या सोसायटीत सुदानहून एक कुटुंब आलं. मुलगा दुसरीत. वर्गाच्या ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो आला आणि तो अरबीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन्ही पद्धती वापरल्या: भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा थेट फोटोवर धरणं, आणि फोटोतला मजकूर कॉपी करून, दुरुस्त करून मग भाषांतर करणं.

कॅमेऱ्याचं काम क्षणात होतं. शाळेच्या गेटवरची छापील सूचना वाचायला मी अजूनही तोच वापरतो. पण तक्त्याने मला तिथे पकडलं. कॅमेरा शब्द बदलतो, चौकटी जागच्या हलवत नाही. आमच्या तक्त्यात वार डावीकडे खाली उतरत होते आणि तासिका आडव्या होत्या, वर फक्त रोमन आकडे. शनिवारी अर्धा दिवस शाळा, म्हणजे डावीकडे चार तासिका आणि उजवीकडे चार चौकटी रिकाम्या. अरबी वाचणारा माणूस उजवीकडून सुरू करतो. त्या वडिलांना शनिवारच्या पहिल्या चार तासिका मोकळ्या दिसल्या. ते दहाच्या सुमारास मुलाला घेऊन गेले, तेव्हा सुटायला अर्धा तास उरला होता. चूक त्यांची नव्हतीच.

दुसरी पद्धत वेळ खाते, मला पहिल्यांदा पाऊण तास लागला. तक्ता कॉपी केला की ओळी विस्कटतात, आणि जोडतासिकेची मोठी चौकट एकदाच उतरते. म्हणून दर दिवसाच्या तासिका मोजून घ्याव्यात. आठच्या जागी सात निघाल्या तर तिथेच घोळ असतो. मग प्रत्येक वार वेगळा करून तासिका एकाखाली एक लिहायच्या, म्हणजे डावं-उजवं उरतच नाही. वाराचं नाव पूर्ण लिहावं. ‘दिवस 1’ नको, कारण अरबीत ‘अल-अहद’ म्हणजे पहिला, आणि तो रविवार. वेळेतही ‘7:30 - 10:30’ असा डॅश टाकला तर अरबी ओळीत आकड्यांची जागा उलटू शकते. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असं शब्दांत लिहिलेलं बरं.

डायरीत तर निवडीचा प्रश्नच फारसा येत नाही. बाईंचं जोडअक्षरी इंग्रजी कॅमेऱ्याला धड वाचता येत नाही, आणि वाचलंच तर ‘युअर वॉर्ड’चा रुग्णालयातला वॉर्ड होतो. मी आधी ‘तुमच्या मुलाने गणिताचा गृहपाठ केला नाही, उद्या सही करून पाठवा’ एवढं साधं वाक्य इंग्रजीत टाईप करतो, अरबी करतो, आणि ते अरबी परत इंग्रजीत फिरवून पाहतो. ‘मुलगा’, ‘उद्या’ आणि ‘सही’ शाबूत परत आले की पाठवतो.

तुमच्या शाळेचा तक्ता उभा असेल, वार वरती आणि तासिका खाली, तर कॅमेऱ्यावर भागेलही कदाचित. आमचा आडवाच आहे.