फिजिऑलॉजीच्या गणितांसाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी कोल्हापुरात वैद्यकीय आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते. कॅल्क्युलेटर महाद्वार रोडवरून घेतला. इंजिनीअरिंगची पोरं वापरतात तोच, दोन ओळींत गणित जसंच्या तसं दाखवणारा, अक्षरांच्या मेमरी असलेला आणि युनिट बदलून देणारा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले सगळे साधारण सारखेच चालतात. बॅटरी, बटणं, डिस्प्ले याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल: हा कोणत्या चुका पकडू देतो आणि कोणत्या गपचूप पुढे सरकवतो.

आधी दाबाचं बघू. आपण मिमी पाऱ्यात शिकतो आणि ब्रिटिश पुस्तकातला प्रश्न किलोपास्कलमध्ये येतो. कॅल्क्युलेटरच्या `CONV` मध्ये `mmHg▶Pa` आहे, पण उत्तर पास्कलमध्ये मिळतं, किलोपास्कलमध्ये नाही. ४० टाकलं की ५३३२.८९ येतं आणि मुलं दचकतात. `ENG` दाबलं की तेच ५.३३ गुणिले दहाचा तिसरा घात असं दिसतं, म्हणजे ५.३ किलोपास्कल. खरं सांगायचं तर हे फंक्शन मी आता फारसं वापरत नाही. किलोपास्कलला साडेसातने गुणलं की मिमी पारा मिळतो, आणि साडेसातने भागलं की उलटं. हे तोंडी होतं आणि कोड शोधण्यापेक्षा लवकर होतं.

मेमरीतली अक्षरं मात्र जबरदस्त कामाची. वायुकोशातल्या ऑक्सिजनच्या दाबाचं सूत्र मी असं टाकते:

```
0.21×(A−B)−C÷0.8
```

`CALC` दाबलं की तो एकेक अक्षर विचारतो. `A` म्हणजे हवेचा दाब, `B` म्हणजे पाण्याच्या वाफेचा, `C` म्हणजे धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडचा. `B` च्या जागी सूत्रात थेट ४७ लिहायचा मोह होतो, आणि इथेच घोटाळा आहे. ४७ हा मिमी पाऱ्यातला आकडा. किलोपास्कलमध्ये तो ६.३ होतो. ४७ सूत्रात पक्का केला आणि `A` ला ९५ किलोपास्कल दिलं, की उत्तर ३.५ च्या आसपास येतं. किलोपास्कलची सवय नसलेल्या डोळ्याला त्यात काही खटकत नाही. साडेसातने गुणा: २६ मिमी पारा. खोलीतली हवा घेत बाकावर बसलेल्या माणसाच्या वायुकोशात एवढाच ऑक्सिजन असता, तर तो आपल्याशी बोलत नसता. `B` अक्षरच ठेवलं की कॅल्क्युलेटर दरवेळी थांबून विचारतो, आणि विचारल्यावर माणूस विचार करतो.

आता ते ९५ आलं कुठून? पुस्तकात हवेचा दाब ७६० मिमी पारा, म्हणजे १०१.३ किलोपास्कल असतो. तो समुद्रसपाटीचा. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे दाब सुमारे ७१२ मिमी, म्हणजे ९५ किलोपास्कल भरतो. याने फरक पडतो का? एक उदाहरण घेऊ. तरुण मुलगा, धमनीतला ऑक्सिजन ८२ मिमी, कार्बन डायऑक्साइड ४०. ७६० धरलं तर वायुकोशातला ऑक्सिजन जवळपास १०० येतो आणि वायुकोश व धमनीतला फरक १८. तरुणाला हा जरा जास्तच, म्हणून फुप्फुसात काही बिघाड आहे का अशी शंका येते. ७१२ धरलं तर वायुकोशात ९० आणि फरक फक्त ८. फुप्फुस ठणठणीत. किलोपास्कलमध्ये करून बघा: वायुकोशात १२.०, धमनीत १०.९, फरक १.१, आणि १.१ गुणिले साडेसात पुन्हा ८ च. दोन्ही युनिटांत उत्तर जुळलं की मी पुढे जाते. एक अट मात्र आहे: परीक्षेतल्या प्रश्नात ७६० दिलं असेल, तर मुकाट्याने ७६० च घ्यायचं. तिथे पन्हाळ्याची उंची काढत बसू नये.

क्लिअरन्सच्या गणितात या यंत्राची खरी मर्यादा कळते. त्याला आकडे कळतात, युनिट कळत नाहीत. एक साधं गणित घ्या: चोवीस तासांची लघवी १.८ लिटर, लघवीतलं क्रिएटिनिन ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, प्लाझ्मातलं ०.९. सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

```
C = U×V÷P
```

वर्गातली अर्धी पोरं `80×1.8÷0.9` दाबतात आणि १६० लिहून मोकळी होतात, पुढे ‘मिलि प्रति मिनिट’ जोडून. १६० हा काही हास्यास्पद आकडा नाही. थोडा जास्त वाटतो एवढंच, आणि एखादा हुशार विद्यार्थी ‘गाळण वाढलंय’ असा निष्कर्षही काढतो. प्रत्यक्षात ते १६० लिटर प्रति दिवस आहे. दिवसात १४४० मिनिटं, म्हणून आधी १८०० मिलिला १४४० ने भागून लघवीचा वेग १.२५ मिलि प्रति मिनिट काढायचा. मग `80×1.25÷0.9`, उत्तर १११. किंवा १६० ला सरळ १.४४ ने भागा, तेच येतं.

म्हणून मी वहीत लघवीच्या वेगापुढे युनिट लिहिल्याशिवाय `=` दाबू देत नाही. लघवीचं आणि प्लाझ्माचं युनिट एकच असेल तर दोन्ही कापले जातात आणि उत्तराला फक्त वेगाचं युनिट उरतं. ब्रिटिश प्रश्नात लघवी मिलिमोलमध्ये आणि प्लाझ्मा मायक्रोमोलमध्ये असतो. तिथे हे कापणं अर्धवट राहतं आणि हजारपटीचा फरक पडतो. याच रुग्णाचे आकडे तिथे ७.०७ आणि ७९.६ होतात, उत्तर ०.१११ दिसतं. ही चूक निदान बोंब तरी मारते. हृदयाच्या गणितातली चूकही अशीच: ऑक्सिजनचा वापर २५० मिलि प्रति मिनिट, धमनीत २० आणि मिश्र शिरेच्या रक्तात १५ मिलि प्रति १०० मिलि रक्त. `250÷(20−15)` म्हणजे ५०. मिनिटाला पन्नास लिटर कोणाचंच हृदय विश्रांतीत फेकत नाही, म्हणून मुलगा स्वतःच थांबतो आणि १०० मिलिचं लिटर करून ५ लिटर प्रति मिनिट लिहितो. भीती त्या १६० ची आहे.

कंसांचाही असाच एक शांत सापळा आहे. पीएएचवरून मूत्रपिंडातला प्लाझ्माचा प्रवाह ६५० मिलि प्रति मिनिट मिळाला, हिमॅटोक्रिट ०.४५, आणि रक्ताचा प्रवाह काढायचाय. `650÷1−0.45` दाबलं तर ६४९.५५ येतं, म्हणजे रक्त आणि प्लाझ्मा जवळपास सारखेच! `650÷(1−0.45)` ने ११८२ येतं, म्हणजे सुमारे १.२ लिटर प्रति मिनिट. दोन ओळींच्या डिस्प्लेचा इथे फायदा होतो, कारण काय दाबलं ते वर दिसत राहतं आणि बाण दाबून कंस घालता येतो. साध्या दुकानी कॅल्क्युलेटरवर हे सापडलंच नसतं.

एक त्रास आहे. मोड बदलला की `CALC` मधलं सूत्र उडतं. मी ते झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय, खाली ‘४७ किंवा ६.३’ आणि ‘१.४४’. मुलं आता कॅल्क्युलेटरपेक्षा चिठ्ठीच मागायला येतात.