वेळ सरकवून मागावी की मोकळी? साहेबांपुढे ठेवायचे दोन प्रस्ताव

कामाच्या वेळेत सवलत दोन तऱ्हेने मागता येते. एक म्हणजे रोजची वेळच सरकवायची: साडेनऊ ते साडेसहाऐवजी साडेसात ते साडेचार. दुसरी म्हणजे अकरा ते चार सगळ्यांबरोबर हजर राहायचं आणि उरलेले तास आपल्या सोयीने भरायचे. दुसरी कुणालाही जास्त आवडेल. तरीही पहिल्यांदाच विचारत असाल, तर मी म्हणेन पहिली मागा. चाचणीनंतर दाखवायला काही हातात हवं, आणि ते तिथेच सहज मिळतं.

बिलं मंजूर करणाऱ्या टेबलाचं उदाहरण घेऊ. विचारायला जाण्याआधी मागच्या महिन्याच्या मेल चाळा. समजा 120 बिलं आली, त्यातली 18 साडेचारनंतर, आणि त्याच दिवशी उरकणं भाग होतं अशी फक्त 5. म्हणजे वेळ सरकवली तर खरी अडचण या 5 बिलांपुरती. ती कोण बघेल, हे त्या सहकाऱ्याला आधी विचारून प्रस्तावातच लिहा. मोकळ्या वेळेत हा हिशोब बसत नाही. तुम्ही आज सकाळी दहाला नाही, उद्या संध्याकाळी पाचला नाही, मग पर्यायी माणूस कधीसाठी नेमायचा?

चाचणीचा काळही त्यामुळेच वेगळा. सरकवलेल्या वेळेला आठ आठवडे पुरतात, फक्त त्यात एक तरी महिनाअखेर पूर्ण यायला हवी. मोकळ्या वेळेत प्रत्येक आठवडा निराळा, त्यामुळे तीन महिन्यांखाली काही कळत नाही.

मोजायचं काय, इथे मात्र जपून. ‘उत्तराला किती तास लागले’ हे माप घेतलंत तर फसाल. संध्याकाळी पाचला आलेलं बिल तुम्ही दुसऱ्या दिवशी साडेसातला मंजूर केलंत, तर कागदावर साडेचौदा तास दिसतात. प्रत्यक्षात इतर लोक यायच्या आत काम झालेलं असतं. म्हणून ‘दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आत निकाली’ असं माप आधीच ठरवून घ्या आणि जोडीला मुदत चुकलेल्या बिलांची संख्या ठेवा. दोन आकडे बास. हीच मापं मागच्या आठ आठवड्यांनाही लावा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणखी एक नोंद स्वतःसाठी ठेवा: साडेचारनंतर तुम्ही किती मेलना उत्तर दिलंत. छाप पाडायच्या नादात लोक रात्री आठपर्यंत उत्तरं देत बसतात. मग आकडे उत्तम येतात, पण ते साडेबारा तासांच्या दिवसाचे असतात, आणि पुढे साहेब तेच धरून चालतात.

मोकळी वेळ योग्य कुणाला? ज्यांच्याकडे दिवसभर कुणी काही मागत येत नाही, लेखन किंवा कोडिंगसारखं काम ठरल्या तारखेला द्यायचं असतं, त्यांना. किंवा ज्यांची घरची गरजच रोज बदलते, त्यांना. सरकवलेल्या वेळेचा त्यांना उपयोगच नाही.

कुठलीही निवडा, मेलमध्ये असं एक वाक्य हवंच: ‘चाचणीच्या काळात मुदत चुकलेली बिलं आधीपेक्षा दोनाहून जास्त वाढली, तर मी पुढच्या सोमवारपासून जुन्या वेळेवर येईन, नाही वाढली, तर हीच वेळ कायम करावी.’